एकीला ‘थांबा’, दुसऱ्याला ‘आजच जा’

*डॉक्टर, आमच्या घरात दोन मुलं आहेत. माझी मुलगी साडेचार वर्षांची. मागच्या आठवड्यात ताप आला म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, तर छाती तपासताना ते म्हणाले, हृदयात मर्मर ऐकू येतेय, ताप उतरला की दोन आठवड्यांनी परत आणा. तपासणी काहीच लिहून दिली नाही. माझ्या धाकट्या जावेचं बाळ सहा आठवड्यांचं आहे. त्याला दीड महिन्याच्या लशींना नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनीही मर्मरच सांगितली, पण म्हणाले, उशीर करू नका, लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. जन्मल्यावर तर हृदय ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. सासूबाई म्हणतात, एकच दुखणं आणि दोन डॉक्टरांच्या दोन तऱ्हा, म्हणजे कुणीतरी चुकतंय. बाळाला दूध पिताना डोक्याला घाम येतो, पण सध्या उन्हाळा आहे. जन्माचं वजन 2.9 किलो होतं, आता 3.3 आहे. मुलीला मी पळू देत नाही. दोघांचीही टूडी इको एकदमच करून टाकावी का?*
*— एक आई, सातारा जिल्हा*

ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी ‘बाळाला उद्यावर ढकलू नका’ एवढा निरोप मी कळवला होता. तो का, हे आता सविस्तर लिहिते. सासूबाईंना सांगा, इथे कुणीच चुकलेलं नाही. दोन्ही डॉक्टरांनी अगदी योग्य तेच सांगितलं आहे.

मर्मर हे दुखणं नाही, तो नुसता आवाज आहे. हृदयाच्या झडपा मिटताना लब-डब असे दोन ठोके ऐकू येतात आणि त्यांच्या मधल्या वेळात रक्त सहसा निमूट वाहतं. शेतातल्या पाटाचं पाणी संथ चाललं असेल तर आवाज करत नाही. पाट अरुंद झाला, पाण्याला जोर आला किंवा बांधाला भगदाड पडलं, की खळखळ सुरू होते. स्टेथोस्कोपमधून येणारी अशी खळखळ म्हणजे मर्मर. ती भगदाडाची आहे की नुसत्या पाण्याच्या जोराची, हे ओळखणं डॉक्टरचं काम. मुलांची छाती पातळ असते, हृदय कानाच्या अगदी जवळ असतं आणि रक्त वेगानं धावत असतं. त्यामुळे सुमारे निम्म्या मुलांमध्ये वाढीच्या कुठल्यातरी टप्प्यावर अशी मर्मर ऐकू येते. याउलट हृदयात जन्मतः दोष असलेली मुलं हजारात साधारण आठ ते दहा. म्हणून आवाज कानावर पडला, की अनुभवी डॉक्टर आधी त्या मुलाकडे नीट बघतो. वय काय, वजन वाढतंय का, खाताना-पिताना दमतं का? तुमच्या घरातल्या दोन मुलांची वाट इथेच वेगळी होते.

आधी बाळाचं. पत्रात तुम्ही तीन गोष्टी सहज लिहून गेलात. माझ्या लेखी त्या सहज नाहीत.

पहिली वजनाची. हिशेब मांडून बघू. जन्मलेल्या बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं. तिथून पुढे पहिल्या तीन महिन्यांत ते रोज 25 ते 30 ग्रॅमनं वाढायला हवं. दहाव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत 32 दिवस होतात. रोजचे 25 ग्रॅम धरले तरी 800 ग्रॅम झाले. म्हणजे 2.9 किलोचं बाळ आता 3.7 च्या आसपास हवं होतं. ते 3.3 वर आहे, म्हणजे रोजचे जेमतेम बारा-तेरा ग्रॅम, हवं त्याच्या निम्मं. घरच्यांच्या डोळ्यांना हे दिसत नाही, कारण वाढ थांबलेली नसते. ‘अंगानं जरा बारीक आहे, बापावर गेलाय’ असं म्हणून दिवस जातात. म्हणून लशींच्या कार्डावर वजन लिहून घ्यायचं, आणि दोन वजनांमध्ये किती दिवस गेले तेही बघायचं.

दुसरी गोष्ट घामाची. उन्हाळ्यातला घाम मानेला, पाठीला, मांड्यांच्या वळ्यांत येतो आणि पंख्याखाली सुकतो. हृदयावर ताण असलेल्या बाळाचा घाम कपाळावर आणि टाळूवर येतो, दूध पिताना येतो, पंखा चालू असला तरी येतो, आणि हात लावला तर गार लागतो. कारण असं, की दूध पिणं ही सहा आठवड्यांच्या बाळाची सगळ्यात मोठी मेहनत, आपण डोईवर घागर घेऊन चढ चढावा तशी. जावेला सांगा, एकदा बाळाला पाजताना घड्याळ समोर ठेवून नुसतं बघ. निरोगी बाळ पंधरा-वीस मिनिटांत पोट भरून सोडतं. हृदयाचं बाळ चार घोट घेतं, सोडतं, धापा टाकतं, परत धरतं, अर्ध्या तासात दमून झोपतं आणि थोड्याच वेळात भुकेनं उठून रडतं. घरात त्याला आळशी म्हणतात, किंवा आईला दूध पुरत नाही म्हणून वरचं दूध सुरू करतात. त्यानं मूळ त्रास तसाच राहतो.

आणखी एक गोष्ट घरी करता येते, श्वास मोजणं. बाळ शांत झोपलेलं असताना झबलं वर करा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, कारण एवढ्या लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले आणि परत मोजल्यावरही तेवढेच आले, तर श्वास जलद आहे. दोन महिन्यांनंतर वर्षापर्यंत हाच आकडा पन्नास. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर आकड्याची वाटही बघायची नाही. आणि ओठ-जीभ निळसर दिसली, बाळानं दूध पूर्ण सोडलं किंवा ते मलूल पडलं, तर हृदयतज्ज्ञ कुठे आहेत हे शोधत बसू नका. जवळच्या रुग्णालयात रात्रीच न्या. नुसते हात-पाय किंवा नखं गारव्यानं निळी पडतात, ते वेगळं. जीभ निळी पडणं वेगळं.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘जन्मल्यावर हृदय ठीक होतं’. हे वाक्य ऐकून लोक जन्माच्या वेळच्या डॉक्टरांवर तरी रागावतात, किंवा आताच्या डॉक्टरांवर तरी संशय घेतात. खरी गोष्ट अशी आहे. पोटात असताना बाळाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात, त्यांच्या रक्तवाहिन्या आक्रसलेल्या असतात. जन्मानंतर त्या हळूहळू सैलावतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब काही आठवड्यांत उतरतो. आता समजा, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखाच, त्यामुळे भोकातून फारसं रक्त इकडून तिकडे जात नाही आणि आवाजही होत नाही. चौथ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत उजवीकडचा दाब उतरतो, डावीकडचं रक्त जोरानं उजवीकडे घुसतं, फुप्फुसांत गरजेपेक्षा जास्त रक्त जातं. मग मर्मर उमटते, श्वास वाढतो, दूध पिताना धाप लागते. म्हणजे जन्माच्या वेळी ऐकलेलंही खरं होतं आणि आताचंही खरं आहे. म्हणूनच दीड महिन्याच्या लशींच्या वेळी बाळाची छाती ऐकणं मला फार मोलाचं वाटतं. सुई टोचून रडारड सुरू होण्याआधी झबलं काढून ऐकून घ्यायचं, हा माझा नियम आहे. तुमच्या त्या डॉक्टरांनी ते केलं, त्यांचे आभार माना.

मी बाळाला पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला भोकच आहे असं मी म्हणणार नाही. पण एक वर्षाच्या आतल्या बाळात मर्मर, आणि सोबत वजन मागे, पाजताना गार घाम, एवढं असलं की माझ्याकडून तरी त्याच दिवशी चिठ्ठी जाते. या वयात ‘बघू पुढच्या महिन्यात’ नाही.

कुणी म्हणेल, आवाज बारीक आहे म्हणजे भोकही बारीक असेल. हे उलटं आहे. रबरी नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी फुरफुरत लांब उडतं. अंगठा काढला की निमूट पडतं. पडद्यातलं लहान भोक असंच मोठ्यानं वाजतं आणि बाळ मात्र गुटगुटीत असतं. अशी बरीच भोकं पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतात, आणि ती बुजत असताना नुसतं लक्ष ठेवावं लागतं. मोठं भोक त्या मानानं हळू वाजतं आणि बाळ सुकत जातं. म्हणून आवाज किती मोठा यापेक्षा बाळ कसं आहे, याला वजन द्यायचं.

आता तिथे गेल्यावर काय होईल ते सांगते, म्हणजे जाऊबाई घाबरणार नाहीत. डॉक्टर उजव्या हाताला आणि एका पायाला छोटा चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन बघतील. तो 95 किंवा त्याहून जास्त आणि दोन्हीकडे जवळपास सारखा असावा लागतो. पोटावर हात ठेवून यकृत वाढलंय का ते चाचपतील, कारण हृदय थकलं की यकृत फुगतं. मग ईसीजी, गरज वाटली तर छातीचा एक्स-रे, आणि टूडी इको. इको म्हणजे सोनोग्राफीच, सुई नाही, दुखत नाही. बाळ भुकेलं असलं तर रडून हलतं, म्हणून पाजून झोपवून करायची. भोक मोठं निघालं तर आधी लघवीवाटे अंगातलं पाणी कमी करणारं औषध देतात आणि जास्त उष्मांकाचं दूध सुरू करतात, जेणेकरून वजन वाढेल. हे औषध भोक बुजवत नाही, बाळाला शस्त्रक्रियेपर्यंत नीट पोचवतं. मोठं भोक पहिल्या वर्षातच, बहुतेकदा सहा महिन्यांच्या आसपास, बंद करावं लागतं.

इथे एक फसगत होते, ती जरा थांबून सांगते. औषध चालू असताना काही महिन्यांनी बाळाची धाप कमी होते, वजन धरू लागतं, मर्मरही मऊ होते. घरचे म्हणतात, बाळ सुधारलं, आता कशाला कापाकापी? कधीकधी भोक खरोखर लहान होत आलेलं असतं. पण कधी याचा अर्थ अगदी उलटा असतो: जास्तीच्या रक्ताचा मारा सोसून फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड झाल्या, उजवीकडचा दाब परत चढला आणि म्हणून भोकातून जाणारं रक्त कमी झालं. ही जाडी एकदा कायमची झाली, की मग भोक बुजवताही येत नाही आणि पुढे मूल निळं पडू लागतं. बाहेरून ही दोन बाळं सारखीच दिसतात. फरक इकोतच कळतो. म्हणून बाळ बरं दिसतंय म्हणून ठरलेली तारीख चुकवायची नाही.

खर्चाची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना तपासायला येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. हा कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हृदयाचा जन्मजात दोष निघाला, तर त्यातून पुढची तपासणी आणि शस्त्रक्रिया मोफत होते. आशाताईंकडून त्या पथकाच्या डॉक्टरांचा फोन घ्या आणि आताच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यांना दाखवा. ते जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया आहेत. कागद जमवणं आणि तपासणीला जाणं ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू ठेवा. कागद पूर्ण होईपर्यंत बाळ घरी ठेवू नका.

आता तुमच्या लेकीचं. तिला उद्यापासून पळू द्या.

साडेचार वर्षांची, ताप आलेली, एरवी धडधाकट, खेळताना इतर मुलांच्या बरोबरीनं धावणारी मुलगी आणि तापात ऐकू आलेली मर्मर, हे चित्र माझ्या ओपीडीत नित्याचं आहे. ताप एक अंश सेल्सिअसनं चढला की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. हृदय जास्त रक्त जास्त वेगानं ढकलतं आणि एरवी कानावर न येणारी खळखळ स्पष्ट ऐकू येते. रक्त कमी असलं तरी हेच होतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ‘ताप उतरल्यावर’ असं म्हटलं. ती टाळाटाळ नव्हती, तो तपासणीचाच एक भाग आहे.

या वयात सगळ्यात जास्त ऐकू येणाऱ्या निर्दोष मर्मरला स्टिलची मर्मर म्हणतात. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल नावाच्या इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञांनी 1909 मध्ये तिचं वर्णन केलं, ताणलेली तार छेडावी तसा आवाज. खरंच तसाच असतो. एकतारीची तार हलकेच सोडल्यावर जो घुमता, गोड नाद येतो तसा. भोकाचा आवाज खरखरीत असतो, करवतीसारखा किंवा जोरानं सोडलेल्या वाफेसारखा. स्टिलची मर्मर लब आणि डबच्या मधे सुरू होते आणि डब यायच्या आत संपते, छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला खाली ऐकू येते, पाठीत जात नाही. सहसा दोन ते सात वर्षांच्या मुलांत असते आणि मोठं होता होता हरवते.

दोन आठवड्यांनी तुम्ही जाल तेव्हा डॉक्टर काय करतात ते बघा. आधी तिला आडवं झोपवून ऐकतील, मग उठवून, उभं करून ऐकतील. निर्दोष मर्मर झोपल्यावर नीट ऐकू येते आणि उभं राहिलं की मंदावते किंवा नाहीशी होते, कारण उभं राहिल्यावर पायांकडून हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं. ज्या थोड्या मुलांमध्ये हृदयाचा स्नायू जाड झालेला असतो, त्यांची मर्मर उभं राहिल्यावर उलट वाढते. एवढी साधी कसोटी, पण तिला अर्धं मिनिट आणि न रडणारं मूल लागतं. तिच्या खिशात आवडती गोळी ठेवून न्या. मानेखाली उजवीकडे घूं असा सतत आवाज आला, तर डॉक्टर तिची मान एका बाजूला वळवतील किंवा गळ्याच्या शिरेवर हलकं बोट ठेवतील. आवाज थांबला, तर तो शिरेतून खाली उतरणाऱ्या रक्ताचा, निर्दोषच.

मग ते छातीवर सपाट तळवा ठेवतील. मर्मरची पायरी एक ते सहा अशी मोजतात. निर्दोष मर्मर पहिल्या-दुसऱ्या पायरीवर, क्वचित तिसऱ्या. मांजर घुरघुरताना तिच्या पाठीवर हात ठेवल्यावर जशी थरथर लागते, तशी तळव्याला जाणवली, तर ती मर्मर चौथ्या किंवा त्यावरच्या पायरीची आहे आणि मुलाला हृदयतज्ज्ञांकडे पाठवायचंच. आवाज डबनंतर येत असेल, किंवा लबपासून डबपर्यंत मधे खंड न पडता भरलेला असेल, तरीही पाठवायचं. डबचा ठोका नीट ऐकणं फार महत्त्वाचं. श्वास आत घेतला की तो जरासा दुभंगतो आणि सोडला की जुळतो. तो कायम दुभंगलेलाच राहिला, तर वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असण्याची शंका येते. या भोकाची मर्मर इतकी मऊ असते, की कैक माणसांना तिशीत पोचेपर्यंत पत्ता लागत नाही.

आणि शेवटी जांघ. डॉक्टरांनी दोन्ही जांघांत बोटं ठेवून नाडी चाचपली नाही, तर तुम्ही विचारा. संकोच करू नका. मी शिकून नुकतीच बाहेर पडले होते तेव्हाची गोष्ट. पाच वर्षांचा मुलगा, मऊ मर्मर, उत्तम वजन. त्याची चड्डी सैल करायला तो लाजला आणि मीही गर्दीत ते सोडून दिलं. निर्दोष म्हणून लिहिलं. दीड वर्षानं दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्याच्या जांघेतली नाडी क्षीण असल्याचं टिपलं आणि हाताचा रक्तदाब पायापेक्षा बराच जास्त निघाला. मुख्य धमनी छातीत एका जागी आवळलेली होती. मुलगा उपचारांनी बरा झाला, पण ते दीड वर्ष त्याच्या हृदयानं नाहक ओझं ओढलं, आणि ते माझ्यामुळे. त्या दिवसानंतर माझ्याकडे जांघ न तपासता एकही मूल बाहेर गेलेलं नाही.

एवढं सगळं ठीक निघालं, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला नसला, धावताना तिला कधी भोवळ आली नसली, तर बालरोगतज्ज्ञ ‘निर्दोष’ असा निर्णय इको न करता देऊ शकतात. मग इको ‘करून टाकली’ तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. लहान मुलांच्या हृदयाची इको मोठ्यांपेक्षा वेगळी वाचावी लागते. फक्त मोठ्यांची इको करणाऱ्या ठिकाणी रडत्या मुलाची घाईत केली, तर हवं ते सुटतं, आणि नको ते कागदावर येतं. ‘पीएफओ’ किंवा ‘झडपेतून किंचित गळती’ असं लिहिलेले अहवाल घेऊन आईबाप माझ्याकडे धास्तावून येतात. पीएफओ म्हणजे पोटात असतानाची वरच्या पडद्यातली फट, जी अनेक निरोगी मोठ्या माणसांतही पूर्ण मिटलेली नसते. त्याला ‘हृदयाला छिद्र’ समजून एका मुलीला तीन वर्षं शाळेच्या खेळांपासून दूर ठेवलेलं मी पाहिलं आहे. तुमच्या डॉक्टरांना दुसऱ्या तपासणीत शंका आली, तर इको जरूर करा, पण बाळाला दाखवाल त्याच लहान मुलांच्या तज्ज्ञांकडे. दोघांची एकदम म्हणून नाही. बाळाची आज, तिची गरज पडली तर.

दुसऱ्या भेटीत हिमोग्लोबिनही विचारून घ्या. ते कमी असलं तर आधी लोह देऊन ते भरू द्या, मग मर्मर परत ऐका.

एक गोष्ट पुढच्या काही वर्षांसाठी सांगून ठेवते. आज निर्दोष ठरलेली मर्मर उद्या भोक होत नाही. पण आपल्याकडे पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये संधिवाताचा ताप अजून दिसतो. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरतो न उतरतो तोच घोटा सुजतो. अशा मुलात मर्मर ऐकू आली तर ती नवी आहे असं धरायचं आणि त्याच आठवड्यात तज्ज्ञांकडे जायचं, कारण झडप खराब होत असते. तेव्हा सुरू केलेली दर तीन आठवड्यांची पेनिसिलीनची सुई झडप वाचवते. सांध्यांचं दुखणं औषधानं दोन दिवसांत पळतं आणि लोक विसरून जातात. झडपेचं नुकसान मात्र राहतं.

मर्मर निर्दोष ठरली, तर तिला कसलंच औषध नको, खेळावर बंधन नको, लशी ठरल्या वेळी, दात काढायचा असला तरी त्यासाठी वेगळी प्रतिजैविकं नकोत. डॉक्टरांकडून फाइलवर तारखेसकट ‘निर्दोष मर्मर, झोपून ऐकू येते, उभं राहिल्यावर नाही, जांघेतली नाडी चांगली’ असं लिहून घ्या. पुढच्या पावसाळ्यात तिला परत ताप येईल, दुसरे कुणी डॉक्टर असतील, त्यांना तो आवाज नव्यानं ऐकू येईल. तेव्हा तो कागद पुढे करा.